प्री-मनी १६ कोटी, पण त्यात काय काय मोजलंय?

*नमस्कार मॅडम,*
*आम्ही दोघे मित्र दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. कंपनीचे ९,००० शेअर आहेत: माझे ५,४००, भागीदाराचे ३,६००. दोन वर्षांपूर्वी एका एंजल गुंतवणूकदाराकडून आयसेफवर ६० लाख घेतले, कॅप ६ कोटी पोस्ट-मनी. आता एका फंडाची टर्मशीट आली आहे: ४ कोटी, प्री-मनी १६ कोटी, आणि १० टक्के ईसॉप पूल. माझा हिशेब असा, की २० टक्के जातील आणि माझे ६० चे ४८ होतील. फंडाने पाठवलेल्या तक्त्यात मात्र माझ्या नावापुढे ३७.८ टक्के आहेत. ही त्यांची चूक आहे की फसवणूक? वडील म्हणतात, अशीच विक्री करत गेलास तर दोन-तीन राउंडमध्ये कंपनी तुझी राहणार नाही. खरंच असं होतं का?*
*— एक वाचक, कोल्हापूर*

तक्ता बरोबर आहे आणि कुणी तुम्हाला फसवतही नाही. तुमच्या हिशेबात आणि त्यांच्या हिशेबात जो १०.२ टक्क्यांचा फरक पडतोय, तो टर्मशीटमध्येच लिहिलेला असणार. प्री-मनीच्या आकड्यामागे बहुतेक ‘फुल्ली डायल्युटेड’, म्हणजे पुढे द्यायचे शेअरही आजच मोजलेले, असे दोन शब्द असतील आणि पुढे कुठेतरी ‘राउंडनंतर १० टक्के पूल धरून’ असं काहीतरी. आपली नजर १६ कोटींवर थांबते आणि हे शब्द वाचायचे राहून जातात. सगळा फरक त्या शब्दांचा आहे.

तुमचे २० टक्के बरोबर आहेत. गुंतवणुकीआधीची किंमत १६ कोटी, त्यात ४ कोटी आले, म्हणजे पोस्ट-मनी २० कोटी, आणि ४ भागिले २० म्हणजे २० टक्के. काही जण ४ ला १६ ने भागून २५ टक्के काढतात, तशी चूक तुम्ही केलेली नाही. चुकलंय ते त्यानंतर. उरलेले ८० टक्के तुम्हा दोघांचे, असं तुम्ही धरलंत. पण त्या ८० टक्क्यांत आणखी दोघे बसलेले आहेत. एक तुमचा आयसेफवाला गुंतवणूकदार. आयसेफ म्हणजे आज पैसे घेऊन शेअर किती ते पुढच्या राउंडला ठरवायचा करार, तेव्हा त्याच्या शेअरांची संख्या अजून ठरलेली नसली तरी ती या राउंडला ठरणारच आहे. दुसरा म्हणजे ईसॉप पूल, म्हणजे पुढे कर्मचाऱ्यांना द्यायला राखलेले शेअर, जो अजून कुणाच्याच नावावर नाही.

आता टक्के बाजूला ठेवू आणि शेअर मोजू. डायल्युशनचा, म्हणजे हिस्सा घटण्याचा, हिशेब मी नेहमी शेअरांच्या संख्येवरच करायला सांगते, कारण टक्के प्रत्येक राउंडला बदलतात. तुमचे ५,४०० शेअर ५,४००च राहतात.

आधी आयसेफ. कॅप म्हणजे त्याचे शेअर काढताना कंपनीची जास्तीत जास्त किती किंमत धरायची तो आकडा. ती ६ कोटी आणि पोस्ट-मनी, म्हणजे ६० लाख टाकणाऱ्याचा हिस्सा या राउंडच्या आधीच्या कंपनीत सरळ १० टक्के. तुमचे दोघांचे ९,००० शेअर हे उरलेले ९० टक्के झाले, तर त्याचे १,००० आणि एकूण १०,०००. त्याला शेअर ६,००० रुपयांना पडला. तुमच्या कराराचा कागद इथे पुन्हा उघडून बघा. अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटर या गुंतवणूकदार संस्थेने २०१३ मध्ये सेफ, म्हणजे आयसेफचा मूळ नमुना, आणलं तेव्हा कॅप प्री-मनी असायची. २०१८ मध्ये त्यांनी ती पोस्ट-मनी केली, आणि आपल्याकडचे करार दोन्ही तऱ्हेचे सापडतात. हीच ६ कोटींची कॅप प्री-मनी असती तर भाव ६ कोटी भागिले ९,००० म्हणजे ६,६६७ रुपये झाला असता आणि त्याला १,००० ऐवजी ९०० शेअर मिळाले असते. एका शब्दाने शंभर शेअर इकडचे तिकडे होतात. तुमच्या पत्रात पोस्ट-मनी आहे, तेव्हा मी १,००० धरते.

आता फंडाचं म्हणणं. त्यांना राउंडनंतरच्या कंपनीत २० टक्के हवेत आणि राउंडनंतरच्याच कंपनीत १० टक्के पूल रिकामा ठेवलेला हवा. मग तुमच्या, भागीदाराच्या आणि आयसेफच्या मिळून १०,००० शेअरांना ७० टक्के उरतात. १०,००० म्हणजे ७० टक्के, तर १०० टक्के म्हणजे १४,२८६ शेअर. त्यातले २,८५७ फंडाचे, १,४२९ पूलचे. तुमचे ५,४०० भागिले १४,२८६ केले की ३७.८ टक्के येतात. भागीदाराचे २५.२, आयसेफचे ७. तुम्हा दोघांतलं ६०-४० चं प्रमाण जसंच्या तसं आहे.

टर्मशीट वाचताना टक्क्यांपेक्षा शेअरचा भाव बघावा, हे मी आग्रहाने सांगते. पोस्ट-मनी २० कोटी भागिले १४,२८६, म्हणजे १४,००० रुपये एक शेअर. तुमच्या डोक्यात जो भाव होता तो १६ कोटी भागिले ९,०००, म्हणजे जवळपास १७,७७८. प्रत्यक्ष व्यवहार १४,००० ने होतोय. या भावाने तुम्हा दोघांच्या ९,००० शेअरांची किंमत १२ कोटी ६० लाख होते. म्हणजे टर्मशीटवर १६ कोटी लिहिलेले असले, तरी तुम्ही दोघांनी आजवर जे उभं केलं त्याला फंडाने लावलेली किंमत १२ कोटी ६० लाख आहे. उरलेल्या ३ कोटी ४० लाखांपैकी १ कोटी ४० लाख आयसेफचे आणि २ कोटी पूलचे, जो अजून कोऱ्या कागदावर आहे.

आयसेफच्या १ कोटी ४० लाखांबद्दल तक्रार करायला जागा नाही. त्या माणसाने दोन वर्षांपूर्वी जोखीम घेऊन ६० लाख दिले आणि आज त्याचे ते झाले. पूलचं मात्र वेगळं आहे, आणि तुमची सगळी घासाघीस तिथे व्हायला हवी.

पूल प्री-मनीत धरला जातो तेव्हा त्याचा भार एकट्या जुन्या भागधारकांवर पडतो. फंडाचे २० टक्के त्याने जराही कमी होत नाहीत. पूल राउंडनंतर सगळ्यांच्या हिश्शातून काढला असता तर फंडाचे २० चे १८ झाले असते आणि तुमचे ३७.८ ऐवजी सुमारे ३८.९ राहिले असते. तसं मागून बघा, पण बहुतेक फंड त्याला तयार होत नाहीत आणि त्या मागणीवर मी फार जोर देणार नाही. जोर द्यायचा तो पूलच्या आकारावर. हा १० टक्क्यांचा आकडा कुठून आला? बऱ्याचदा कुठूनच नाही; सगळे १० म्हणतात म्हणून १०. त्याला उत्तर म्हणून तुमच्याकडे भरतीची यादी हवी. पुढच्या अठरा महिन्यांत, म्हणजे पुढचा राउंड होईपर्यंत, तुम्ही नेमके कोण घेणार आहात? समजा एक तंत्रज्ञान प्रमुख, ज्याला दीड टक्का द्यावा लागेल. एक विक्रीप्रमुख, त्याला एक टक्का. चार-पाच अनुभवी इंजिनिअर आणि तालुक्याची कामं बघणारे दोघे मिळून दीड-दोन टक्के. बेरीज साडेचारच्या आसपास जाते. ही यादी नावासकट किंवा निदान हुद्द्यासकट फंडापुढे ठेवा आणि सांगा की आम्हाला ५ टक्के पुरतात.

५ टक्क्यांनी काय होतं ते बघा. १०,००० शेअरांना ७० ऐवजी ७५ टक्के मिळतात. भाव १४,००० वरून १५,००० होतो आणि तुमचे ३७.८ चे ४०.५ टक्के होतात. पूल १० टक्केच ठेवून हाच १५,००० चा भाव मिळवायचा असेल, तर प्री-मनी १६ वरून जवळपास १७ कोटी ११ लाखांवर न्यावी लागेल. व्हॅल्युएशन १ कोटी ११ लाखांनी वाढवून मागितलंत तर फंडाचा माणूस आपल्या समितीकडे बोट दाखवेल. भरतीच्या यादीवर त्याला यादीनेच उत्तर द्यावं लागतं, आणि ती त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असते.

न वाटलेल्या पूलबद्दल आणखी एक. उद्या कंपनी विकली गेली आणि पूल अर्धा रिकामाच असेल, तर तो रिकामा भाग रद्द होतो आणि उरलेल्या सगळ्यांचे टक्के वाढतात, फंडाचेही. म्हणजे पूल काढताना भार तुमच्यावर आणि न वापरल्याचा फायदा सगळ्यांना. मोठा पूल ‘असू दे, पुढे लागेल’ म्हणून मान्य करू नका. पुढे लागला तर पुढच्या राउंडला वाढवता येतो, आणि तेव्हा त्या भारात आजचा फंडही तुमच्याबरोबर वाटेकरी असतो.

आता वडिलांच्या काळजीकडे येते. ती खोटी नाही, फक्त त्यांच्या डोक्यात बेरीज चाललेली असावी, आणि डायल्युशन गुणाकाराने होतं. तीन राउंडमध्ये २०, २० आणि १५ टक्के दिले, तर ५५ टक्के गेले असं होत नाही. पहिल्यात ८० टक्के उरले, दुसऱ्यात त्या ८० चे ८० टक्के म्हणजे ६४, तिसऱ्यात ६४ चे ८५ टक्के म्हणजे ५४.४. गेले ४५.६. हे झालं नुसत्या पैशांचं. पूल प्रत्येक वेळी पुन्हा भरावा लागतो, म्हणून प्रत्यक्ष याहून जास्त जातं, आणि घरी समजावताना तो भाग गाळू नका.

तुमचाच आकडा पुढे नेऊ. समजा ही टर्मशीट आहे तशीच मान्य केली. दोन वर्षांनी सिरीज ए नावाचा पुढचा राउंड आला, २० कोटी, प्री-मनी ८० कोटी. तोवर पूलमधल्या १,००० शेअरांचे ऑप्शन, म्हणजे ते शेअर पुढे घेण्याचे हक्क, लोकांना देऊन झालेत आणि ४२९ उरलेत. नव्या फंडाला २० टक्के हवेत आणि रिकामा पूल पुन्हा १० टक्के हवा. मग न वाटलेले ४२९ सोडून उरलेल्या १३,८५७ शेअरांना ७० टक्के मिळतात, एकूण शेअर सुमारे १९,७९६ होतात आणि तुमचे ५,४०० म्हणजे २७.३ टक्के. पोस्ट-मनी १०० कोटी, म्हणजे शेअरचा भाव ५०,५०० च्या आसपास. आजच्या राउंडला तुमचे ३७.८ टक्के म्हणजे ७ कोटी ५६ लाख होते. सिरीज एला २७.३ टक्के म्हणजे २७ कोटींच्या वर. पुढे सिरीज बीमध्ये १५ टक्के पैशांसाठी आणि ३ टक्के पूलसाठी गेले, तर २७.३ चे ८२ टक्के, म्हणजे साधारण २२.४ उरतील. भागीदाराचे त्याच्या दोन-तृतीयांश, १५ च्या आसपास. मोठ्या झालेल्या कंपन्यांत ही घसरण याच्याही पुढे जाते. २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचे सुमारे ७७ टक्के १६ अब्ज डॉलरला घेतले, तेव्हा बाहेर पडलेल्या सचिन बन्सल यांच्याकडे साडेपाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा होता. झोमॅटो २०२१ मध्ये शेअर बाजारात आली ती ‘प्रवर्तक नसलेली’ कंपनी म्हणूनच.

पण ‘कंपनी तुझी राहणार नाही’ यात वडिलांना बहुधा मालकीपेक्षा ताबा म्हणायचा आहे, आणि ताबा या तक्त्यावरून कळत नाही. तक्ता ‘फुल्ली डायल्युटेड’ असतो. मत देण्याचा अधिकार मात्र खरोखर दिलेल्या शेअरांना असतो. रिकामा पूल मत देत नाही, आणि ज्याने आपले ऑप्शन अजून शेअरमध्ये बदलून घेतलेले नाहीत तोही देत नाही. फंडाचे शेअर सीसीपीएस, म्हणजे सक्तीने रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर असतील. त्यांना रूपांतर झाल्यासारखं धरून मत देता येईल असं करारात आणि आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, लिहिलं जातं, तसं इथेही असेल असं धरते, आयसेफचंही तसंच. या राउंडनंतर मत देणारे शेअर १२,८५७ होतात आणि त्यात तुम्हा दोघांचे ९,०००, म्हणजे ७० टक्के. सिरीज एनंतरही तक्त्यावर तुम्हा दोघांचे साडेपंचेचाळीस टक्के दिसत असले, तरी मतांमध्ये सुमारे ५३.५ असतील. साधा ठराव तुम्ही दोघे मिळून तेव्हाही मंजूर करून घेऊ शकाल.

विशेष ठरावाला मात्र ७५ टक्के लागतात, आणि ती रेघ तुम्ही याच राउंडला ओलांडताय. आर्टिकल्स बदलणं किंवा नव्या माणसाला शेअर देणं अशी कामं आता तुम्हा दोघांच्या मतांवर होणार नाहीत. कायद्याने फंड एकटा तुम्हाला अडवू शकत नाही, कारण त्यांचे मतांमध्ये २२ टक्केच होतात. पण फंड आणि आयसेफवाले एकत्र आले तर ३० टक्के होतात आणि ठराव पडतो. प्रत्यक्षात त्यांना एकत्र यायचीही गरज पडणार नाही, कारण टर्मशीटमध्ये ‘रिझर्व्ह्ड मॅटर्स’ किंवा ‘अफर्मेटिव्ह व्होट’ नावाची एक यादी असते. त्या यादीतली कामं फंडाच्या लेखी संमतीशिवाय होत नाहीत, त्यांचा हिस्सा कितीही असो. वडिलांना वाचायला द्यायची असेल तर ती यादी आणि संचालक मंडळात कोणाचे किती लोक असतील ते कलम द्या. नवे शेअर, कंपनीची विक्री, मोठं कर्ज, आर्टिकल्समधला बदल हे त्यात असणं रीतसर आहे. ठरावीक पगारावरच्या प्रत्येक नोकरभरतीला किंवा ठरलेल्या बजेटमधल्या खर्चाला संमती लागणार असेल, तर ते काढून टाकायला सांगा. त्याने रोजचं काम अडतं. या राउंडला मंडळ तिघांचं असावं, तुम्ही दोघे आणि फंडाचा एक. पाच जणांच्या मंडळात दोन फंडाचे आणि एक ‘स्वतंत्र’ असा प्रस्ताव असेल, तर तो स्वतंत्र कोण ठरवणार हे आत्ताच लिहून घ्या.

वर मी तुमचे ७ कोटी ५६ लाख म्हटलं, ते तुमच्या खिशातले समजू नका. १४,००० चा भाव फंडाच्या सीसीपीएसचा आहे. त्या शेअरला विक्रीच्या वेळी आधी पैसे मिळण्याचा हक्क चिकटलेला आहे, तुमच्या साध्या शेअरला नाही. पोस्ट-मनी काढताना मात्र दोन्हींना एकच भाव लावतात. समजा सगळं मनासारखं झालं नाही आणि वर्षभरात कंपनी १० कोटींना विकावी लागली, पूल अजून वाटलेला नाही. पूल रद्द झाल्यावर तुमचा हिस्सा ४२ टक्के, म्हणजे तुम्ही ४ कोटी २० लाख धराल. पण फंडाला त्याच्या हिश्शाचे २ कोटी २२ लाख घेण्यापेक्षा आपले मूळ ४ कोटी परत घेणं परवडतं, आणि तेवढा हक्क त्यांना असतोच. यालाच एकपट लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात. उरलेल्या ६ कोटींत तुमच्या वाट्याला ३ कोटी २४ लाख येतात. तो प्रेफरन्स ‘पार्टिसिपेटिंग’ असेल, म्हणजे आधी ४ कोटी घ्यायचे आणि शिवाय उरलेल्यातही हिस्सा, तर आयसेफवाल्यालाही हिश्शापेक्षा आपले मूळ ६० लाख आधी घेणं परवडतं, आणि तुमचे होतात २ कोटी ४६ लाखांच्या आसपास. एका शब्दाने ७८ लाख गेले, व्हॅल्युएशनला हातही न लावता. टर्मशीटमध्ये ‘नॉन-पार्टिसिपेटिंग’ आहे का, ते आज रात्रीच बघा. नसेल तर पूलच्या आधी तेच मागा.

अँटी-डायल्युशनचं कलमही याच बैठकीत वाचून घ्या. पुढचा राउंड आजच्यापेक्षा कमी भावाने झाला तरच ते जागं होतं, म्हणून सध्या कुणी त्याकडे लक्ष देत नाही. समजा पुढे अडचण आली आणि तुम्हाला ३ कोटी ७,००० रुपये भावाने, म्हणजे आजच्या निम्म्या भावाने घ्यावे लागले. कलमच नसतं तर तुमचे २९.१ टक्के उरले असते. ‘ब्रॉड-बेस्ड वेटेड अ‍ॅव्हरेज’ असेल तर फंडाचा रूपांतराचा भाव १४,००० वरून सुमारे १२,३८५ होतो, त्यांना ३७३ शेअर जास्त मिळतात आणि तुमचे २८.५ उरतात. ‘फुल रॅचेट’ असेल तर त्यांचा भाव थेट ७,००० होतो, त्यांचे शेअर दुप्पट होतात आणि तुम्ही २५.२ वर येता. पहिलं रीतसर आहे, मान्य करा. दुसरं या टप्प्याला मान्य करू नका. त्याचा सगळा भार अशा वेळी पडतो जेव्हा तुमच्याकडे आधीच काही उरलेलं नसतं.

रकमेबद्दलही विचार करून ठेवा. फंडाशी बोलताना ४ ऐवजी ३ कोटी घेतले तर काय, हा प्रश्न मनात येईल. त्याच १६ कोटींवर आणि १० टक्के पूलवर तुमचे तेव्हा ४० च्या आसपास राहतात. सव्वादोन टक्के वाचतात खरे, पण ३ कोटींत जर पुढचा राउंड होण्याआधी सहा महिने पैसे संपणार असतील, तर वर लिहिलेला निम्म्या भावाचा प्रसंग तुम्हीच ओढवून घ्याल. दूध संघांचे करार व्हायला किती महिने लागतात आणि पैसे कधी हातात पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तो हिशेब मांडून १८ ते २४ महिने पुरतील एवढे घ्या. पूलच्या ५ टक्क्यांत तुम्हाला याहून जास्त वाचवता येतंय आणि त्यात पैसे कमी पडण्याची भीती नाही.

हे सगळं टर्मशीटवर सही करण्याआधी व्हायला हवं. टर्मशीट बहुतांशी बंधनकारक नसते असं तुम्हाला सांगतील, आणि ते खरं आहे. पण तिच्यातलं एक्सक्लुझिव्हिटीचं कलम बंधनकारक असतं. सही झाली की ठरलेल्या मुदतीपर्यंत, साधारण महिना-दोन महिने, तुम्ही दुसऱ्या कुणाशी बोलू शकत नाही, आणि त्या काळात व्हॅल्युएशनचा विषय पुन्हा काढायला तुमच्याकडे जोर राहत नाही.

फंडाला मेल करताना रागाचा सूर नको, कारण त्यांनी तक्ता स्वतःहून पाठवला, हे चांगलं लक्षण आहे. त्यात एवढंच मागा: राउंडनंतरचा तक्ता शेअरांच्या संख्येसकट, प्रत्येक शेअरचा भाव, आयसेफचं रूपांतर कोणत्या भावाने धरलं तो आकडा, आणि पूल ५ टक्के धरून तोच तक्ता पुन्हा एकदा. सोबत भरतीची यादी जोडा. तुमच्या कंपनी सेक्रेटरींना आयसेफचा मूळ करार द्या आणि त्यातून १,००० शेअरच निघतात का ते त्यांच्याकडून लेखी घ्या, कारण बाकीचे सगळे आकडे त्याच एका संख्येवर उभे आहेत. फंडाचं उत्तर १५,००० च्या भावाने आलं तर पूल मान्य झाला असं समजा. १४,००० वरच अडले, तर त्यांना भरतीच्या यादीतला कोणता हुद्दा कमी वाटतो ते विचारा.